एकटीच्या प्रवासातला फोटो: गावाचं नाव न घेता मूड सांगणारी ओळ कशी लिहायची?

रानजाई · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार. मी बेळगावची. शनिवारी पहिल्यांदा एकटी फिरून आले. सकाळच्या बसने गेले, रात्री घरी. खानापूर तालुक्याच्या बाजूला गेले होते, एवढंच सांगते. गाव सांगायचं नाही. एक तर तिथं अजून गर्दी नाही आणि ती माझ्यामुळे वाढू नये. दुसरं म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा एकटीच जाणार आहे. कुठल्या थांब्यावर किती वेळ बसते हे सगळ्यांना कळायला नको.

फोटो असा आहे. रस्त्याकडेच्या बसशेडमधला दगडी कट्टा. कट्ट्यावर माझी सॅक, तिच्या पट्ट्याला अडकवलेली ओली छत्री. खाली माझ्या चपलांचा जोड, नीट शेजारी शेजारी. मी फोटोत नाही, फक्त पाय कट्ट्यावर घेतलेले दिसतात. मागे पाऊस आणि वळणारा लाल मातीचा रस्ता. डाव्या कोपऱ्यात गावाच्या पाटीचा तुकडा आलाय, तो कापणार आहे.

मी सुचवलेल्या ओळी:

"एकटेपणातली शांतता…"
"स्वतःच्या शोधात, पावसाच्या साथीनं"
"काही वाटा फक्त आपल्यासाठी असतात"

तिन्ही वाचून बरं वाटत नाही. का ते कळत नाही. इन्स्टाग्रामवर टाकायचाय. मदत करा.

---

घाटवाट · रात्री ९:३२

लाल माती, दगडी कट्टा, वळण… जांबोटीच्या पुढं, कणकुंबीकडं जाताना ना? मी दर पावसाळ्यात बाइकवरनं चोर्ला घाट करतो, सगळी शेडं पाठ आहेत. सांग बरोबर का ते.

लोकेशनचं टेन्शन घेऊ नकोस. फोनचं जीपीएस बंद कर, लोकेशन टॅग टाकू नको. मग कुणाला काहीच कळत नाही.

---

रानजाई · रात्री ९:४०

घाटवाट, बरोबर असो वा चूक, मी हो-नाही काहीच म्हणणार नाही. कृपा करून अंदाज लावू नका, नाहीतर धाग्याचा उपयोगच नाही.

---

कारवारची_सुमा · रात्री ९:५५

घाटवाट यांचं अर्धंच बरोबर आहे. माझं सांगते. गेल्या वर्षी मी आमच्या जिल्ह्यातच एका आडबाजूच्या घरगुती मुक्कामाला एकटी राहिले होते. जीपीएस बंद, टॅग नाही. फोटो टाकला फक्त अंगणातल्या तुळशीचा, आणि खाली लिहिलं "इथे वेळ थांबतो". अर्ध्या तासात माझ्या मावसबहिणीनं प्रेमानं विचारलं, "अगं, अमुक वाडीत गेलीस होय? मला का नाही नेलंस?" वाडीचं नाव पूर्ण. मी ती कमेंट काढेपर्यंत चाळीसेक जणांनी बघितली होती. त्यात ऑफिसमधला एक जण होता, त्यानं दुसऱ्या दिवशी मेसेज केला, "मी जवळच आहे, येऊ का?" काही वाईट घडलं नाही, पण ती रात्र मी कडी दोनदा तपासून झोपले.

तेव्हापासून दोन गोष्टी करते. घरी परतल्यावरच फोटो टाकते. आणि टाकण्याआधी ज्या दोघा-तिघांना जागा माहीत आहे त्यांना आधीच सांगते, नाव लिहू नका.

---

शाईपेन · रात्री १०:२०

रानजाई, मी एका मराठी दैनिकात बरीच वर्षं फोटोओळी लिहिल्या, म्हणून बोलतो.

तुमच्या तिन्ही ओळी मला वाईट वाटत नाहीत, पण त्या तुमच्या फोटोच्या नाहीत. करून बघा: ओळ उचलून दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली ठेवा. गोकाकच्या धबधब्यापुढे उभा असलेला कुणी मुलगा घ्या किंवा राजहंसगडावर बसलेली मैत्रीण घ्या. "काही वाटा फक्त आपल्यासाठी असतात" ही ओळ दोन्हीकडे चालते. जी ओळ सगळीकडे चालते तिला मूड नसतो. तिच्यात "शांतता", "शोध", "साथ" अशी मूडची नावं असतात, आणि नाव वाचून कुणाला काही वाटत नाही.

उलट टोकाची चूक आम्ही वर्तमानपत्रवाले करतो. आमची ओळ ठरलेली असते: "पाहणी करताना अमुक, शेजारी तमुक." बातमीला ते हवंच. पण तुम्ही "पावसात बसची वाट पाहताना" असं लिहिलंत तर फोटोत जे दिसतंय तेच पुन्हा सांगाल.

फोटोत जे मावत नाही ते ओळीत यायला हवं. आवाज, वास, ओलेपणा, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे फोटोच्या आधीची पाच मिनिटं. तर मला एवढंच सांगा: फोटो काढायच्या आधी काय झालं? आणि तेव्हा वाटत काय होतं? चांगल्या शब्दांत नको, जसं झालं तसं.

---

मलप्रभेकाठी · रात्री १०:४१

ताई, एकटीनं जायला सुरक्षित जागा कुठल्या आहेत तेही लिहा ना. मला हलशीची देवळं बघायची आहेत, बस मिळते का खानापूरहून?

---

रानजाई · रात्री ११:०५

मलप्रभेकाठी, हलशीला मी मागे आईबरोबर गेले होते, खानापूरहून बस आहे. पण वेळा स्टँडवर विचारून घे, पावसाळ्यात बदलतात. वेगळा धागा काढशील का?

शाईपेन काका, जसं झालं तसं लिहिते.

परतीची बस डोळ्यांदेखत गेली. मी टपरीवर चहाचे पैसे देत होते, सुट्टे नव्हते, तेवढ्यात गेली. पुढची दोन तासांनी. पहिला अर्धा तास मी नुसती घड्याळ बघत होते. आई रागावेल, अंधार पडेल, कुणाला फोन करू, असं सगळं. फोनला रेंज नव्हती. मग पाऊस एवढा वाढला की शेडच्या पत्र्याच्या आवाजात दुसरं काही ऐकूच येईना. एक आजी डोक्यावर खोळ घेऊन आत आल्या. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "कुणाकडं आलीस गं?" मी म्हटलं, "कुणाकडं नाही." त्यांना ते पटलं नाही. पुन्हा विचारलं, "मग कशाला आलीस?" मी म्हटलं, "बघायला." त्या हसल्या, पाऊस कमी झाल्यावर गेल्या.

त्या गेल्यावर मी चपला काढल्या, पाय वर घेतले. घड्याळ बघायचं राहून गेलं. फोटो तेव्हाचा आहे. शांत वाटत होतं असं नाही म्हणता येणार. बस लवकर येऊ नये असं वाटत होतं.

---

निपाणीकर · रात्री ११:१८

मग ओळ मिळाली की! आजीचं आणि तुमचं बोलणं तसंच टाका:

"कुणाकडं आलीस गं?"
"कुणाकडं नाही."

एकटीचा प्रवास, तोही गावाचं नाव न घेता. ह्यापेक्षा चांगलं काही होणार नाही. आमच्याकडं नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न हाच. ज्याला कळायचं त्याला कळेल.

---

शाईपेन · सोमवार, सकाळी ७:०५

निपाणीकरांची ओळ खरोखर चांगली आहे. तरी मी ती या फोटोखाली ठेवणार नाही. संवाद वाचला की वाचणारा फोटोत दुसरं माणूस शोधतो, आणि आजी फोटोत नाहीत. दुसरी काळजी अशी: "कुणाकडं आलीस" हा आपल्याकडे आपुलकीचा प्रश्न आहे. कुणाचीतरी पाहुणी असशील तर जेवलीस का, हे त्यात येतं. शहरातली माणसं तो चौकशीचा प्रश्न म्हणून वाचतील आणि खाली बाईमाणसाला किती प्रश्न विचारतात यावर चर्चा सुरू होईल. तुमचा मूड तो नव्हता.

तुमच्या लिहिण्यातलं शेवटचं वाक्य बघा: "बस लवकर येऊ नये असं वाटत होतं." मूड तिथं आहे. आता तो मूडचं नाव न घेता आणायचा. मी मनात अशी मांडणी करून बघतो:

"बस चुकली. पुढच्या बसला अजून दोन तास."

हे वाचून काय वाटतं? कंटाळा. "अजून" हा शब्द ताटकळणाऱ्या माणसाचा आहे. तुमचा पहिला अर्धा तास यात बरोबर येतो, पण फोटो त्या अर्ध्या तासाचा नाही. आता एवढंच बदलतो:

"बस चुकली. पुढच्या बसला दोनच तास."

तास तेवढेच. "अजून" गेला, "च" आला, आणि वाट बघणारी बाई वेळ कमी पडणारी बाई झाली. मराठीत हे काम एक अक्षर करतं. त्यासाठी "निवांत" लिहावं लागत नाही, "सुकून" तर नाहीच.

---

कारवारची_सुमा · सकाळी ७:३०

"दोनच" वाचून अंगावर काटा आला. मी दोनदा वाचलं. आधी वाटलं चुकून लिहिलंय, मग चपला आठवल्या.

---

निपाणीकर · सकाळी ८:१२

काका, मला पटलं नाही, तरी एक शंका. "बस चुकली" का? "बस चुकलीय" का नाही? बोलताना आपण चुकलीय म्हणतो.

आणि दुसरं, ती आता घरी आहे. आता फोटो टाकताना "पुढच्या बसला दोनच तास" म्हणणं खोटं नाही का?

---

शाईपेन · सकाळी ९:४०

दुसऱ्या शंकेचं आधी. फोटोओळीचा काळ हा फोटोचा काळ असतो. आठवडाभरापूर्वीच्या फोटोखालीही आम्ही "उद्घाटन करताना" असंच छापायचो, कारण वाचणारा फोटो बघत असतो, कॅलेंडर नाही. सुमाताई म्हणतात तसं घरी येऊन टाकायचं, पण ओळ कट्ट्यावरची ठेवायची. यात सुरक्षितताही आहे आणि ओळही ताजी राहते.

आता "चुकली" आणि "चुकलीय". तिन्ही रूपं शेजारी ठेवून मोठ्यानं वाचा.

"बस चुकलीय." हे चालू संकट आहे. आईला फोन करून सांगावं तसं. ऐकणारा लगेच विचारेल, मग आता कशी येणार?

"बस चुकली होती." ही गोष्टीची सुरुवात आहे. वाचणारा पुढं काय झालं याची वाट बघतो आणि ओळ एकदम लांब होते.

"बस चुकली." झालं, संपलं. यात तक्रार नाही. तुम्ही चपला काढल्या त्या क्षणी बस चुकणं ही संपलेली गोष्ट होती, म्हणून मला हे रूप बरोबर वाटतं. "चुकवली" करू नका, ती ठरवून केलेली गोष्ट होते आणि ते खरं नाही.

---

रानजाई · दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत वाचतेय. "चुकली"च ठेवते.

माझी एक खूप दिवसांची अडचण यातून सुटली, ती सांगते. आमच्या घरी आई, आजी, आम्ही सगळ्या "मी आलो, मी गेलो" असंच बोलतो. शाळेत आणि लिहिताना "मी आले". फोटोखाली "एकटीच आले" लिहिलं की मला ते दुसऱ्या कुणाचं वाटतं, आणि "एकटीच आलो" लिहिलं की पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, चुकलंय का, की कुणाबरोबर होतीस? या ओळीत "मी" नाहीच. क्रियापद बसचं आहे. तरी चपलांचा एकच जोड आहे म्हणून एकटी असल्याचं कळतं.

---

घाटवाट · दुपारी १:५०

काल अंदाज लावला त्याबद्दल माफी. खरंच लक्षात आलं नव्हतं. माझी वरची कमेंट संपादकांना सांगून काढून टाकायला लावू का?

पण एक विचारायलोय. "आलो" काढलंस, आजीचं "कुणाकडं" काढलंस, मग आपल्या भागाचा वासच उरला नाही की. ही ओळ नाशिकचाही माणूस लिहील.

---

शाईपेन · दुपारी ३:३०

घाटवाट यांचा मुद्दा खरा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. बोली ही पण पत्त्यासारखीच असते. "कुणाकडं", "बघायलोय" म्हटलं की बेळगाव-कोल्हापूर पट्टा कळतो. तेवढा पट्टा एवढा मोठा आहे की जागा उघडी पडत नाही. पण काही शब्द सरळ नकाशावर बोट ठेवतात. फोटोखाली "कुंदा खाल्ला" लिहिलंत तर बेळगाव लिहिल्यासारखंच झालं. नदीचं नाव, घाटाचं नाव, जत्रेचं नाव तसंच. मी असं बघतो: शब्द किती गावांत बोलला जातो? शंभर गावांत असेल तर राहू द्या. एकाच गावात असेल तर काढा.

---

निपाणीकर · दुपारी ४:०२

ह्याच हिशेबानं "कुणाकडं आलीस" राहायला हवं होतं. शंभर काय, हजार गावांत विचारतात. मी माझ्या मतावर आहे.

---

कारवारची_सुमा · संध्याकाळी ६:२०

रानजाई, ओळ झाली, आता फोटो नीट बघून घे. पाटीचा तुकडा कापणार म्हणालीस. सॅकवर किंवा मागे काही छापलेलं, शेडवर रंगवलेलं नाव, आमदार निधीची पाटी, बसचा नंबर, दुकानाची जाहिरात? बसवर केए २२ दिसलं की बेळगाव आणि केए २३ दिसलं की चिक्कोडी, हे आपल्याकडे लहान मुलंही सांगतात.

आणि मूळ फोटो कुणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवू नकोस. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फाइलमध्ये जागेची नोंद असते आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर ती तशीच जाते. साधा फोटो म्हणून पाठवला तर जात नाही. माझ्या भावानं असंच एका डॉक्युमेंटमधून मला जागा काढून दाखवली होती.

---

घाटवाट · संध्याकाळी ६:४५

हे मला माहीत नव्हतं. मी सगळ्यांना डॉक्युमेंटच पाठवतो, क्वालिटी चांगली राहते म्हणून.

रानजाई, पाटीबद्दल एक सांगू? कन्नड पाटी नेमकी कापली म्हणून कुणीतरी खाली भलताच वाद घालेल. आपल्याकडं होतं असं.

---

रानजाई · रात्री ८:३०

मला त्याची भीती वाटली होती. पण पाटी कन्नड आहे म्हणून कापत नाहीये. मी कन्नड वाचते, शाळेत शिकले, आजींशी अर्धं बोलणं कन्नडमधूनच झालं. तुकड्यात गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं दिसतात, तेवढ्यावरून खानापूरचा कुणीही नाव सांगेल. अर्धी पाटी पूर्ण पाटीपेक्षा जास्त ओढून घेते, हे मला कालच्या अंदाजावरून कळलं. पूर्ण डावी बाजू कापली. त्यामुळे रस्त्याचं वळणही थोडं गेलं, त्याचं वाईट वाटतंय.

शेडच्या खांबावर पेंटनं काहीतरी होतं. मोठं करून बघितलं, कुणाच्या तरी लग्नाचा बाण होता. वधूवरांची नावं आणि कार्यालयाचं गाव. तोही कापला. सुमाताई, तुम्ही नसतं सांगितलं तर तो राहिला असता.

---

शाईपेन · रात्री ९:०५

वळण गेलं ते चालेल. तुमच्या ओळीत रस्ता नाहीच.

एक राहिलं. ओळीच्या शेवटी तीन टिंबं देऊ नका. तुमच्या पहिल्या मसुद्यात होती. "दोनच तास…" असं लिहिलं की वाचणाऱ्याला हळवं व्हा असं सांगितल्यासारखं होतं. पूर्णविराम द्या. खाली पावसाचं, छत्रीचं चित्रही नको, दोन्ही फोटोत आहेत. हॅशटॅग द्यायचेच असतील तर जागेचे, तालुक्याचे, घाटाचे नकोत. लोक ते उघडून शेजारचे फोटो बघतात आणि त्यातली शेडं जुळवतात.

---

रानजाई · रात्री ९:५०

टाकला.

"बस चुकली. पुढच्या बसला दोनच तास."

हॅशटॅग नाही. मावशीला आणि बहिणीला आधी फोन करून सांगितलं की नाव लिहू नका.

---

रानजाई · मंगळवार, सकाळी ८:००

कळवते. बहुतेकांनी पाऊस, चपला यावरच लिहिलंय. दोघींनी "दोनच?" असं विचारलं, म्हणजे पोचलं. एका काकांनी मात्र "अरेरे, फोन करायचा होतास, गाडी पाठवली असती" लिहिलं. त्यांना "च" दिसलाच नाही. चौघांनी "कुठे गं हे?" विचारलं. त्यांना काय उत्तर देऊ ते कळत नाहीये. गप्प बसलं तर शिष्टपणा वाटतो.

---

कारवारची_सुमा · सकाळी ८:२५

मी "भेटल्यावर सांगते" लिहिते. ज्यांना खरंच भेटायचं असतं ते भेटतात.

---

निपाणीकर · सकाळी ८:४०

जवळच्यांना मेसेजमध्ये सांगावं. सगळ्यांना एकच उत्तर कशाला? पण मग जवळचे म्हणजे कोण, हे ठरवणं अवघड आहे.

---

घाटवाट · सकाळी ९:१०

मी पण एक टाकू का विचारायलोय. घाटात धुकं, माझी गाडी स्टँडवर, हेल्मेट आरशाला लटकवलेलं, माणूस कुणी नाही. मी लिहिलं होतं "धुक्यात हरवलेली वाट". वरचं सगळं वाचल्यावर ते सगळीकडं चालतं असं दिसायलंय.

---

शाईपेन · सकाळी ९:३०

गाडी का थांबवली होती?

---

घाटवाट · सकाळी ९:३४

पुढचं काही दिसेना म्हणून. पंधरा-वीस मिनिटं थांबलो. इंजिन बंद केलं तर पाणी पडायचा आवाज एवढा जवळ आला की वाटलं, धबधबा रस्त्यापलीकडंच आहे. धुकं गेल्यावर बघतो तर समोर काहीच नाही, नुसती दरी.

---

शाईपेन · सकाळी ९:४१

"इंजिन बंद केलं" इथून सुरू करा. पुढचे शब्द तुमचे तुम्ही शोधा, मी दुपारी येऊन बघतो.